सत्तर टक्के एकनिष्ठ? कशावरून?

स्लाइडवर ठसठशीत आकडा असतो : '७० टक्के तरुण ग्राहक या ब्रँडशी एकनिष्ठ.' शेजारी रंगीत गोल आलेख, खाली डोळे ताणून वाचावं लागेल अशा अक्षरांत 'नमुना : १२०'. सादरीकरण संपतं. प्राध्यापक विचारतात, "कुणाचे काही प्रश्न?" वर्ग गप्प. फार तर एखादा 'सर्वेक्षण करताना तुम्हांला काय अडचणी आल्या?' असं विचारून सहभागाचे गुण पदरात पाडून घेतो. सादर करणारा गटही सुटकेचा श्वास टाकतो, कारण उद्या विचारणाऱ्याची पाळी असणार आहे आणि आजची शांतता ही उद्यासाठी केलेली उसनवारी असते.

व्यवस्थापनाच्या वर्गांत ग्राहकांचं वर्गीकरण आणि ब्रँडनिष्ठा हे दोन विषय हटकून येतात, आणि बहुतेक वेळा एकाच सादरीकरणात येतात. त्यामुळे अशा सादरीकरणाला नेमके कोणते प्रश्न विचारावेत, हे माहीत असणं दोन्ही बाजूंना उपयोगाचं. प्रश्न तसे थोडेच आहेत. पण त्यांतला एक असा आहे की तो विचारल्यावर पुष्कळशा स्लाइडा कोसळतात, आणि नेमका तोच सहसा कुणी विचारत नाही.

सोयीसाठी एक काल्पनिक गट घेऊ. पाच विद्यार्थ्यांनी शॅम्पू हा विषय निवडला. गूगल फॉर्म तयार केला, वर्गाच्या, वसतिगृहाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवला. एक विशिष्ट ब्रँड वापरणाऱ्या १२० जणांनी उत्तरं दिली. 'तुम्ही या ब्रँडशी एकनिष्ठ आहात का?' या प्रश्नाला ८४ जण 'होय' म्हणाले. चौऱ्याऐंशी भागिले एकशेवीस, म्हणजे सत्तर टक्के. गणित चोख आहे. आता बाकीचं पाहू.

पहिली मागणी आकड्याविषयी नसावीच. ती प्रश्नावलीविषयी असावी. 'मूळ प्रश्न जसाच्या तसा दाखवा.' एकनिष्ठ आहात का, असं विचारल्यावर 'नाही' म्हणणं माणसाला जड जातं. शब्दातच एक चांगुलपणा आहे. शिवाय मैत्रिणीनं पाठवलेला फॉर्म भरताना कोण कशाला वाद घालील? सर्वेक्षणशास्त्रात या होकाराच्या कलाचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे : प्रश्न विधानासारखा समोर ठेवला की लोक त्याला मान डोलावतात, आणि आपली चांगली बाजू दिसेल असं उत्तर निवडतात.

याच गटानं 'गेल्या पाच वेळी घरात कोणकोणता शॅम्पू आला?' असं विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, कारण तो वागण्याविषयीचा प्रश्न आहे. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. मोठी बाटली दोन-तीन महिने पुरते. पाच खरेद्या म्हणजे जवळपास वर्षभराचा काळ झाला, आणि गेल्या दिवाळीत कोणती बाटली आणली होती हे कुणाला आठवतं? म्हणून वर्गातल्या गटाला जमण्यासारखा साधा उपाय म्हणजे 'आत्ता न्हाणीघरात कोणत्या बाटल्या किंवा पुड्या आहेत ते बघून लिहा' असं सांगणं. तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या वस्तू एकाच कोनाड्यात निघाल्या तर एकनिष्ठेचं काय झालं ते दिसतंच. कांतारसारख्या संशोधन संस्था यासाठी ठरावीक कुटुंबांच्या खरेदीची सातत्यानं नोंद ठेवतात. ते काम खर्चिक असतं. कंपन्या तरी त्यासाठी पैसे मोजतात, कारण तोंडी उत्तर आणि दुकानातली खरेदी यांत किती अंतर असतं हे त्यांना ठाऊक असतं.

इथेच एक गमतीदार फसगत होते. वर्षातून एकदाच शॅम्पू घेणारा माणूस त्या वर्षापुरता शंभर टक्के एकनिष्ठ ठरतो! दुसऱ्या ब्रँडकडे जायला त्याला संधीच मिळालेली नसते. दर महिन्याला खरेदी करणाऱ्या घरात मात्र दोन-तीन ब्रँड सहज येऊन जातात. म्हणजे 'पूर्ण एकनिष्ठ' म्हणून ज्यांचा गौरव होतो त्यांत कमी खरेदी करणारेच बरेच असतात. तेव्हा गटाला विचारावं : हे ८४ जण वर्षातून किती वेळा शॅम्पू घेतात? आणि घेतो कोण? वसतिगृहातला मुलगा स्वतः घेत असेल, पण घरी राहणारी मुलगी आईनं महिन्याच्या किराण्यात जो आणला तोच लावत असेल. मग निष्ठा मुलीची की आईची, की किराणा दुकानदाराच्या फळीवर जे होतं त्याची?

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत किती असू शकते, याचं जगप्रसिद्ध उदाहरण कोका-कोलाचं आहे. पेप्सीच्या चव-चाचण्यांनी हैराण झालेल्या या कंपनीनं नव्या, जास्त गोड पेयाच्या जवळजवळ दोन लाख चाचण्या घेतल्या. नाव न सांगता दिलेल्या घोटांत नवी चव जिंकली. २३ एप्रिल १९८५ रोजी नवं कोक बाजारात आलं, जुनं बंद झालं, आणि अमेरिकेत संतापाची लाट उठली. ११ जुलैला कंपनीनं जुनं पेय 'क्लासिक' या नावानं परत आणत असल्याचं जाहीर केलं. नमुना लहान होता असं इथे कुणी म्हणू शकणार नाही. लोकांना दोन घोटांतला आवडता घोट विचारला गेला. 'हे घ्याल तर जुनं कायमचं जाईल' हा सौदा मात्र त्यांच्यापुढे नीट ठेवलाच गेला नाही. दोन लाख उत्तरं बरोबर होती, फक्त ती दुसऱ्याच प्रश्नाची होती.

आता तो मुख्य प्रश्न. 'हा ब्रँड बाजारात केवढा आहे?'

वरवर पाहता याचा निष्ठेशी काही संबंध दिसत नाही. वर्गात तर उलटीच समजूत असते : मोठा ब्रँड सगळ्यांचा असतो म्हणून त्याच्यावर कुणाचं खास प्रेम नसतं, आणि छोट्या ब्रँडचे ग्राहक थोडे पण कट्टर असतात. ऐकायला छान वाटतं, पण आकडे तसं म्हणत नाहीत.

विल्यम मॅकफी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये एक निरीक्षण मांडलं. कमी लोकप्रिय गोष्ट थोड्याच लोकांना माहीत असते, आणि ज्यांना ती माहीत असते त्यांनाही ती तुलनेनं कमीच आवडते. त्यानं याला 'दुहेरी शिक्षा' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे ब्रिटनमध्ये अँड्र्यू एरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साबण, न्याहारीची धान्यं, पेट्रोल, टीव्हीचे कार्यक्रम अशा नाना बाजारांत हाच नमुना पुन्हा पुन्हा दाखवून दिला. ऑस्ट्रेलियातल्या बायरन शार्प यांच्या २०१० मधल्या पुस्तकानं तो मार्केटिंगच्या वर्गांपर्यंत पोचवला.

त्यातलं एक उदाहरण मराठी वाचकाला सहज कळेल, कारण त्यातला एक ब्रँड आपल्याही घरात असतो. ब्रिटनमधल्या कपडे धुण्याच्या पावडरींचे २००५ सालचे आकडे आहेत. पर्सिल या सर्वांत मोठ्या ब्रँडचा बाजारातला वाटा २२ टक्के, तर सर्फचा ८ टक्के. म्हणजे पर्सिल पावणेतीन पट मोठा. ही तफावत येते कुठून? वर्षभरात १०० पैकी ४१ घरांनी एकदा तरी पर्सिल घेतलं, सर्फ मात्र १७ घरांनीच. हा फरक मोठा आहे. आता ज्या घरांनी घेतलं त्यांनी वर्षात किती वेळा घेतलं? पर्सिलवाल्यांनी सरासरी ३.९ वेळा, सर्फवाल्यांनी ३.४ वेळा. गुणाकार करून पाहा : शंभर घरांमागे पर्सिलच्या साधारण १६० खरेद्या, सर्फच्या ५८. पावणेतीन पटीतला जवळपास सगळा भाग घरांच्या संख्येतून आला. पुन्हा पुन्हा घेण्यातला फरक इवलासा आहे, आणि तोही मोठ्या ब्रँडच्याच बाजूचा. (हे दोन्ही ब्रँड तिथे एकाच कंपनीचे, युनिलिव्हरचे आहेत. त्यामुळे एकाचे व्यवस्थापक हुशार आणि दुसऱ्याचे आळशी असलं स्पष्टीकरणही फारसं चालत नाही.)

असं का होतं? समजा एक शॅम्पू सगळ्यांना माहीत आहे आणि दुसरा मोजक्याच लोकांना. पहिल्याच्या ग्राहकांत असे पुष्कळजण असतील ज्यांनी दुसऱ्याचं नावही ऐकलेलं नाही. त्यांच्यापुढे पर्यायच नाही, ते पहिल्याकडेच राहतात. दुसरा ज्यांना माहीत आहे त्या जवळजवळ प्रत्येकाला पहिलाही माहीत असतो, गावातल्या प्रत्येक दुकानात तो दिसतोही. म्हणून त्यांची खरेदी वाटली जाते. यात प्रेम, विश्वास, भावनिक नातं असलं काही आणावंच लागत नाही; नुसत्या आकारातून निष्ठेतला फरक निघतो.

आता आपल्या गटाच्या सत्तर टक्क्यांकडे परत पाहा. त्यांनी दुसऱ्या स्लाइडवर प्रतिस्पर्धी ब्रँडची निष्ठा ५५ टक्के दाखवली आणि 'आपल्या ब्रँडनं भावनिक नातं जोडलं' असा निष्कर्ष काढला, तर प्रश्न तयार आहे : प्रतिस्पर्धी आकारानं लहान आहे का? असेल, तर निष्ठेत थोडा कमीपणा अपेक्षितच होता आणि त्याचं श्रेय जाहिरातीला देता येत नाही. खरी बातमी तेव्हा असते जेव्हा एखादा ब्रँड त्याच्या आकाराच्या मानानं फारच जास्त किंवा फारच कमी निष्ठा दाखवतो. एखादा ब्रँड मोजक्याच दुकानांत, मोजक्याच शहरांत मिळतो, पण मिळतो तिथे भरपूर खपतो, तेव्हा असे अपवाद दिसू शकतात. तसं काही सापडलं तर गटानं त्यावर खुशाल पाच स्लाइडा कराव्यात.

निष्ठेच्या मागे नाइलाज दडलेला नाही ना, हेही पाहायला हवं. जॉर्ज डे यांनी १९६९ मध्येच बजावलं होतं की नुसती पुन्हा पुन्हा खरेदी म्हणजे निष्ठा नव्हे. तिच्यासोबत पसंती आहे का हे वेगळं तपासावं लागतं. भारतात याचं सर्वांना आठवणारं उदाहरण मोबाइलचं आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. त्याआधी कंपनी सोडायची तर नंबर सोडावा लागे, आणि नंबर तर दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे छापलेला असे. त्या काळात 'मी याच कंपनीत राहणार' म्हणणारा ग्राहक कंपनीशी एकनिष्ठ होता की दहा आकड्यांशी? शॅम्पूत असं कुलूप नसतं, पण तालुक्याच्या गावी दुकानात एक-दोनच ब्रँडच्या पुड्या लटकत असतील तर परिणाम तोच. म्हणून 'तुमचा ब्रँड दुकानात नसला तर तुम्ही काय करता : दुसऱ्या दुकानात जाता, थांबता, की दुसरा ब्रँड घेता?' हा एकच प्रश्न 'एकनिष्ठ आहात का' यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

काही गट याऐवजी शिफारशीचा गुणांक मांडतात. 'हा ब्रँड मित्राला सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा.' फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. ७ आणि ८ वाले हिशेबाबाहेर. मोजायला सोपं आहे, म्हणूनच सावध राहावं. ४५ टक्के खूश आणि २० टक्के नाराज असले तरी गुणांक २५ येतो, आणि २५ टक्के खूश, नाराज कुणीच नाही, तरी २५च. पहिल्या ब्रँडच्या मागे नाराजांची फौज आहे, दुसऱ्याच्या मागे नुसती उदासीनता. नुसता गुणांक दाखवणाऱ्या गटाकडून तिन्ही ढिगांची संख्या मागून घ्यावी.

आता वर्गीकरणाकडे. वेंडेल स्मिथ यांनी १९५६ च्या लेखात बाजाराचे गट पाडण्याची कल्पना मांडली तेव्हा तिचा गाभा साधा होता : सगळ्यांची मागणी सारखी नसते, तर मालही तसा वेगवेगळा द्या. म्हणजे गटांची कसोटी एकच, त्यांची मागणी खरंच वेगळी आहे का? सादरीकरणात मात्र 'फॅशनप्रेमी तनया' आणि 'काटकसरी काका' अशी नावं आणि त्यांची चित्रं आधी येतात. तनया इन्स्टाग्रामवर तीन तास असते आणि काका पंधरा मिनिटं, हे कळतं. पण दोघं एकच शॅम्पू त्याच आकारात त्याच दुकानातून घेत असतील तर ते शॅम्पूपुरते एकाच गटात आहेत.

'मुली ८० टक्के एकनिष्ठ, मुलगे फक्त ६०' अशी स्लाइड आली की प्रत्येक बाजूला किती जण होते ते विचारावं. १२० जणांचे लिंग, वय, शहर असे तुकडे केले की एकेका कप्प्यात २५ च्या आसपास माणसं उरतात. २५ पैकी २० मुली आणि २५ पैकी १५ मुलगे, म्हणजे फरक पाच माणसांचा. इतक्या लहान कप्प्यांत निव्वळ योगायोगानंही २० टक्क्यांचा फरक पडू शकतो. नेहमीच्या ९५ टक्के खात्रीच्या हिशेबानं तो साधारण २५ टक्क्यांच्या पुढे जायला हवा. त्यातून गटानं वीस वेगवेगळ्या तुलना करून पाहिल्या असतील आणि उठून दिसणारी एकच स्लाइडवर घेतली असेल, तर ती योगायोगाची असण्याची शक्यता आणखी वाढते. 'न दाखवलेल्या तुलना किती?' या प्रश्नानं बहुधा गटातले एकमेकांकडे बघू लागतात.

संगणकानं पाडलेल्या गटांचंही तसंच आहे. क्लस्टर विश्लेषणाला चार गट मागितले तर ते चार देतं, सहा मागितले तर सहा. बाजारात गट नसले तरी नाही म्हणत नाही. सारा डोल्निकार आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या अभ्यासात असं सुचवलं की जितक्या प्रश्नांवरून गट पाडायचे त्याच्या सुमारे सत्तर पट माणसं हवीत. वीस प्रश्नांवरून १२० जणांचे गट पाडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. सोपी तपासणी म्हणजे नमुन्याचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करायचे आणि दोन्हींवर तेच विश्लेषण चालवायचं. तनया एका भागात दिसली आणि दुसऱ्यात गायब झाली, तर ती कधी नव्हतीच.

उत्पन्नानुसार पाडलेल्या गटांना आणखी एक प्रश्न : उत्पन्न कळलं कसं? लोक पगार सांगायला बिचकतात, आणि विद्यार्थ्याला तर वडिलांचा पगार नेमका माहीतही नसतो. भारतीय संशोधन व्यवसायानं यावर फार पूर्वीच आडवाट काढली. २०११ मध्ये आलेल्या पद्धतीत उत्पन्न विचारतच नसत. घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून घराला ए१ ते ई३ अशा बारा पायऱ्यांपैकी एक मिळे. यादीत वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन अशा गोष्टी होत्या. पुढे पंखा, गॅस, टीव्ही घरोघरी पोचले आणि यादीची धार बोथट झाली. त्यामुळे नव्या पद्धतीत कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय आणि घरातल्या सर्वाधिक शिकलेल्या स्त्रीचं व पुरुषाचं शिक्षण पाहिलं जातं. सासवडच्या शेतकऱ्याचं आणि कोथरूडच्या बँक कर्मचाऱ्याचं घर 'मासिक उत्पन्न : ५० हजारांच्या वर' या एकाच चौकटीत टाकण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी जास्त सांगते, आणि विद्यार्थ्यांना ती वापरायला कुणाची मनाई नाही.

एवढं सगळं विचारल्यावर त्या गटाच्या हाती उरतं काय? बरंच काही, फक्त वाक्य बदलावं लागतं. '७० टक्के तरुण ग्राहक एकनिष्ठ' याऐवजी त्यांना असं लिहिता येईल : 'आमच्या ओळखीतल्या, हा ब्रँड आधीच वापरणाऱ्या १२० जणांपैकी ८४ जण स्वतःला एकनिष्ठ म्हणवतात; त्यांच्या प्रत्यक्ष खरेदीची नोंद आमच्याकडे नाही.' आकडा तोच आहे, दावा मात्र पेलेल एवढाच आहे. अशा गटाला खरं तर जास्त गुण मिळायला हवेत. तेव्हा सादर करणाऱ्यांना एकच विनंती : शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' आणि फुलांचं चित्र टाकण्याऐवजी तुमची पूर्ण प्रश्नावली टाका, आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी माणसांची संख्या लिहा.